पान १४, पान १६, पान १७

सकाळी ८.४०

वाशिमच्या पाटणी चौकाजवळच्या एका गल्लीत ताईंचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. आठ बाय दहाची जागा. एक संगणक, एक झेरॉक्स मशीन, एक स्कॅनरवाला प्रिंटर, टेबलाखाली इन्व्हर्टर. भिंतीवर दर लिहिलेत. झेरॉक्स २ रुपये, प्रिंट ५, स्कॅन ५, मराठी टायपिंग पानाला ३०.

ताई आधी मशीनमधला कागद काढून झटकतात आणि परत लावतात. रात्रभर पडलेला कागद चिकटतो, मग दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आहे आणि बारावीचे पेपर चालू आहेत. केंद्राला लागून असलेली झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळात बंद ठेवायला लावतात. हे दुकान केंद्रापासून लांब आहे, त्यामुळे सकाळपासून इथे रांग आहे. आधार, हॉलतिकीट, सातबारा.

टायपिंगची तीस आणि चाळीसची परीक्षा त्यांनी जुन्या मशीनवर दिली होती. मग बरीच वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिले. आता बोटं तीच आहेत, फक्त समोर पडदा आला. आजही दिवसातून दोन-तीन जण फक्त अर्जासाठी येतात.

सकाळी ९.३५

रिसोड रस्त्यावरच्या एका खेड्यातून बापलेक आलेत. मुलाकडे एसटीचा पास आहे. बापाचं तिकीट लागलं, शिवाय हरभऱ्याची सोंगणी सोडून आल्यानं आजची मजुरीही गेली. मुलगा बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या सत्रात पदार्थविज्ञानाचा एक पेपर राहिला. ऐंशीपैकी बत्तीस लागतात, मिळाले सत्तावीस.

त्याच्या हातात फुलस्केपची चार पानं आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

“कुलसचिवाले द्याचं हाये ताई. फक्त टाइप करून द्या.”

ताई पानं घेतात, पण कीबोर्डकडे वळत नाहीत. “बस बाबू. अगोदर वाचू दे मले.”

सकाळी १०.०५

रांगेतल्या चौघांचं काम उरकून ताई वाचायला बसतात. हातात पेन्सिल. कागद दाखवून सिद्ध करता येईल असं वाक्य दिसलं की त्याच्यासमोर समासात बारीक टिंब देतात.

पहिल्या पानावर एकही टिंब पडत नाही. “माझ्या आयुष्याशी खेळ करण्यात आला आहे.” “परीक्षकाने डोळे झाकून पेपर तपासला.” “आम्ही खेड्यातले म्हणून आम्हाला मुद्दाम नापास करतात.” दुसऱ्या पानावर दोन टिंबं. तिसऱ्यावर तीन. चौथ्या पानावर परीक्षकाचं नाव जाहीर करा, त्याच्यावर गुन्हा दाखल करा, नाहीतर आठ दिवसांत उपोषणाला बसू, असं आहे. तिथे एक टिंब, कारण त्यात निकालाची तारीख आली आहे.

आठ बाजू लिहून झाल्या आणि तपासता येतील अशी वाक्यं सहा निघाली. ती सहाही चांगली आहेत. मुलानं उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली होती आणि ती त्यानं नीट पाहिली आहे. फक्त पाहिलेलं सगळं रागाच्या मधे मधे पेरलं गेलं.

“छायांकित प्रत आणली काय?”

मुलगा पिशवीतून पारदर्शक फोल्डर काढतो. बाप म्हणतो, “ते आणाच म्हनलं मीच.”

सकाळी १०.४०

उत्तरपत्रिका टेबलावर येते. ताई पहिल्यांदा हस्ताक्षर बघतात. मुलाला कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला लावतात आणि शेजारी ठेवतात. अक्षर त्याचंच आहे. ही तपासणी त्या कधी सोडत नाहीत. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं पडद्यावर पेपर तपासायला घेतले, तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले, उत्तरपत्रिकांच्या अदलाबदलीच्या तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढण्यात आलं. तेव्हापासून आधी पेपर आपलाच आहे का ते बघायचं.

मग पानं मोजतात. मुख्य पुस्तिका पूर्ण आहे, पुरवणी घेतलेली नव्हती. पुरवणी असती तर ती प्रतीला जोडलेली आहे का, हा पुढचा प्रश्न आला असता.

प्रत काळी-पांढरी आहे. मूळ पेपरवर परीक्षकाची शाई लाल असते, मुलाची निळी. झेरॉक्समध्ये दोन्ही काळ्या होतात. उत्तरातला आकडा कुठला आणि गुणाचा आकडा कुठला, हे फक्त जागेवरून आणि वळणावरून ओळखावं लागतं. ताई खणातून भिंग काढतात. परीक्षकाची दोनाची शेपूट लांब आहे, मुलाची आखूड. गुण डाव्या समासात आणि गोल करून दिलेत. हे एकदा ठरलं की पुढची पानं भराभर उलगडतात.

मुखपृष्ठावर गुणांचा तक्ता आहे. पहिला प्रश्न आठ गुणांचा, पुढचे सहा प्रत्येकी बारा गुणांचे. रकान्यांत अनुक्रमे ४, ५, ६, मग एक रिकामी जागा, मग ७, ५. सातवा प्रश्न मुलानं सोडवलाच नव्हता, तिथे आडवी रेघ आहे. खाली बेरीज २७.

“तू लिवलं, चौथ्या प्रश्नाले शून्य देल्लं. कुठी हाये शून्य?”

मुलगा वाकून बघतो. “नाई… जागा खाली हाये.”

“मंग तसंच लिवाचं. तिकडचा बाबू शून्य शोधीन. त्याले सापडनार नाई. तो म्हणीन, तक्रार खोटी.”

सकाळी ११.२०

ताई पान १४ उघडतात. चौथ्या प्रश्नाचा भाग अ. चार गुणांचा. समासात गोल केलेला २. भाग ब पान १५ वर सुरू होतो आणि पान १६ च्या मध्याला संपतो. तिथे गोल केलेला ३. भाग क पान १७ वर आहे. आकृती आहे, सूत्र आहे, अर्ध्याहून जास्त पान भरलं आहे. त्या पानावर बरोबरची खूण नाही, फुली नाही, गुण नाही, शून्यही नाही. परीक्षकाचं पेन त्या पानाला लागलेलं दिसत नाही.

इतर प्रश्नांत तिन्ही भागांचे गुण शेवटी एकत्र करून मोठ्या गोलात लिहिलेत आणि तोच आकडा मुखपृष्ठावर गेला आहे. चौथ्या प्रश्नाला मोठा गोल नाही. परीक्षक पान १६ वर थांबला, पान १७ उलटलं नाही, त्यामुळे एकूण करायचं राहिलं आणि मुखपृष्ठावरची जागा रिकामी राहिली. असंच झालं असेल, पण हे अर्जात लिहायचं नाही, असं ताई सांगतात. परीक्षकाच्या हातून कसं झालं ते आपण पाहिलेलं नाही. पानावर काय आहे तेवढंच आपण पाहिलं.

मुलगा फोल्डरच्या तळातून अजून एक कागद काढतो. त्यानं छायांकित प्रतीबरोबरच गुणपडताळणीचाही अर्ज भरला होता. त्याचं उत्तर आलंय. “गुणांत बदल नाही.” चार पानांतला निम्मा राग या तीन शब्दांवर आहे. उघड चूक दिसते, तरी बदल नाही म्हणतात, म्हणजे सगळे मिळालेले आहेत, असं त्याच्या मनानं घेतलंय.

ताई कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवतात. “मुखपृष्ठावरचे आकडे मिळव.”

चार, पाच, सहा, सात, पाच. सत्तावीस.

“बरोबर हाये न? त्यायनं वरच्या पानाची बेरीज केली असन. ते बरोबरच हाये. चूक बेरजेत नाई. आतले दोन आन तीन बाहीर आलेच नाईत.”

मुलगा थोडा वेळ काही बोलत नाही. मग स्वतःच सत्तावीसमध्ये पाच मिळवतो. बत्तीस. उत्तीर्ण व्हायला तेवढेच लागतात.

या अर्जाचं सगळं बळ इथेच आहे. “फेरतपासणी करा” एवढंच पुन्हा लिहिलं, तर पुन्हा तीच बेरीज होईल आणि पुन्हा तेच तीन शब्द येतील. समोरच्याला पान १४ आणि पान १६ उघडायला लावलं पाहिजे.

दुपारी १२.१०

आता काय ठेवायचं आणि काय काढायचं. ताई एका कोऱ्या कागदावर यादी करतात.

पान १४ आणि १६ वरचे पाच गुण मुखपृष्ठावर आलेले नाहीत. हे ठेवायचं, सगळ्यात वर. पान १७ वरचं उत्तर तपासलेलं दिसत नाही. हेही ठेवायचं, पण वेगळा मुद्दा करून. पाच गुण परीक्षकानं आधीच दिलेले आहेत, तिथे कुणी मत द्यायचं उरलेलं नाही. पान १७ ला मात्र कुणीतरी तज्ज्ञानं वाचून गुण द्यावे लागतील. तिथे चार मिळतील, एक मिळेल किंवा शून्यही मिळेल. दोन्ही एकाच वाक्यात घातले तर सरळ काम अवघड कामाच्या मागे अडकून पडतं.

मुलाचा तिसरा मुद्दा दुसऱ्या प्रश्नाचा आहे. पाच मिळाले, नऊ मिळायला हवे होते.

“ते चूक नाई बाबू, ते मत हाये. त्याले पुनर्मूल्यांकनाचा वेगळा फॉर्म, वेगळी फी, वेगळी मुदत.” मुदत कधीची संपली आहे. मुलाला ते ठाऊक आहे, म्हणूनच त्यानं तो मुद्दा इथे घातला होता. ताई तो काढतात. दुसरा प्रश्न अर्जात राहिला तर वाचणारा या अर्जाला पुनर्मूल्यांकनाचा उशिरा आलेला अर्ज समजेल आणि मुदतीच्या कारणावर पहिले दोन मुद्देही परत पाठवील.

परीक्षकाच्या नावाची मागणी जाते. आलेल्या प्रतीवर परीक्षकाची सही झाकलेली आहे, आणि ती झाकता येते.

उपोषणाच्या ओळीवर ताई थांबतात. मुलाकडे नीट बघतात. “खरंच बसनार हायेस, का लिवाले लिवलं?”

“लिवाले लिवलं. गावातल्या एकानं सांगितलं, त्याबिगर कोनी पाहत नाई.”

“हे लिवलं की ही फाईल मार्काची राहत नाई, बंदोबस्ताची होते. मंग दुसऱ्याच टेबलावर जाते.” पेन्सिल आडवी फिरते.

दुपारी १.१५

लाइट गेली. झेरॉक्स मशीन इन्व्हर्टरवर चालत नाही, त्यामुळे दुकान रिकामं होतं. ताई डबा उघडतात, भाकरीचा चतकोर मुलापुढे करतात. बाप बाहेर चहा घ्यायला गेला आहे.

ताईंच्या खणात एका निकालपत्राच्या काही पानांची झेरॉक्स आहे, कडा काळ्या पडलेल्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय, सर्वोच्च न्यायालय, ९ ऑगस्ट २०११. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराखालची ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती बघता येते, तिची प्रत घेता येते, असं त्यात ठरलं. परीक्षकाची ओळख उघड करायची नाही, हेही त्याच निकालात आहे. आणि उत्तरपत्रिका जपून ठेवायची नियमातली मुदत संपली की मागायला काही उरत नाही.

या मुलाला त्याची गरज पडली नाही, प्रत विद्यापीठाच्या नेहमीच्या अर्जावरच मिळाली. पण कुणाची प्रतीची मुदत हुकलेली असली की ताई माहिती अधिकाराचा अर्ज करून देतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत, पुढे पानाला दोन रुपये.

दुपारी २.०५

लाइट आली. ताई टाइप करायला बसतात. पूर्वी कृतिदेवमध्ये करायच्या. कागदावर ते छान दिसतं, पण फाईल मेलनं पाठवली आणि समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आता युनिकोड, आणि पाठवताना पीडीएफ.

मुलगा शेजारी बसून तारखा सांगतो. प्रत्येक तारखेला ताई कागद मागतात. कागद नसलेली तारीख टाइप होत नाही. कॉलेजच्या खिडकीवर कोण काय बोललं, ते राहून जातं. पाऊण तासात एक पान तयार होतं.

प्रति,
मा. कुलसचिव

विषय : हिवाळी परीक्षा, बीएस्सी सत्र ५, पदार्थविज्ञान : आतील पानांवर दिलेले गुण मुखपृष्ठावर न आल्याबाबत आणि एक उत्तर तपासायचे राहिल्याबाबत

महोदय,

वरील विषयात मला ८० पैकी २७ गुण मिळाल्याचा निकाल दि. २० जानेवारी रोजी जाहीर झाला. मी दि. २४ जानेवारी रोजी मुदतीत छायांकित प्रत व गुणपडताळणीसाठी अर्ज केला. दि. ५ फेब्रुवारी रोजी प्रत मिळाली. दि. १८ फेब्रुवारी रोजी ‘गुणांत बदल नाही’ असे कळवण्यात आले.

छायांकित प्रतीत पुढील दोन बाबी दिसतात.

१. प्रश्न ४ (अ) साठी पान १४ वर २ गुण व प्रश्न ४ (ब) साठी पान १६ वर ३ गुण दिलेले आहेत. मुखपृष्ठावर प्रश्न ४ ची जागा रिकामी आहे. मुखपृष्ठावरील एकूण २७ मध्ये हे ५ गुण धरलेले नाहीत. मुखपृष्ठावरील आकड्यांची बेरीज बरोबर आहे. त्यामुळे केवळ बेरीज तपासून ही बाब लक्षात येत नाही.

२. प्रश्न ४ (क) चे उत्तर पान १७ वर आहे. त्या पानावर गुण, शून्य किंवा तपासल्याची खूण दिसत नाही.

विनंती :
(अ) मूळ उत्तरपत्रिकेची पाने १४ ते १७ पाहून बाब १ मधील ५ गुण एकूण गुणांत धरावेत.
(ब) बाब २ मधील उत्तर नियमानुसार तपासून घ्यावे.
(क) त्यानुसार सुधारित गुणपत्रक द्यावे, अथवा विनंती मान्य नसल्यास कारण लेखी कळवावे.

बाब १ चा निर्णय बाब २ साठी थांबवू नये, ही विनंती. या विषयाच्या पुनर्परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत मार्चमध्ये संपते, त्यापूर्वी निर्णय मिळावा.

सोबत : ७ पाने.

खाली बैठक क्रमांक, नोंदणी क्रमांक, मोबाइल, सही. प्रत माहितीसाठी : संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, प्राचार्य.

दुपारी ३.००

ताई मोठ्यानं वाचून दाखवतात. बापाला पटत नाही.

“एवढंसंच? पोराचं वर्ष गेलं न बाई. त्याचं काहीच नाई यात.”

ताई समजावत बसत नाहीत. अर्ज त्याच्या हातात देतात, उत्तरपत्रिकेची प्रत पुढे ठेवतात. “भाऊ, तुमी त्या टेबलावरचे बाबू. वाचा आन शोधा.”

बापाला वाचायला वेळ लागतो. बोट ओळीवर ठेवून तो पुढे जातो. पान १४ काढतो, समासातला दोन दाखवतो. पान १५ उलटून १६ वर येतो, तीन दाखवतो. मग मुखपृष्ठ काढून रिकाम्या जागेवर बोट ठेवतो. त्यानं पदार्थविज्ञान कधी पाहिलेलं नाही. तरी चूक त्याला सापडली, आणि पाच मिनिटंही लागली नाहीत.

“हाव,” तो म्हणतो. “दिसते.”

मुलाची एक शंका उरली आहे. ‘बेरीज बरोबर आहे’ हे आपणच का मान्य करायचं? ताई म्हणतात, ते आधी लिहिलं नाही तर ते तेच उत्तर परत देतील. शिवाय ज्या बाबूनं पडताळणी केली, त्यालाच हा कागद बघावा लागणार. त्यानं स्वतःचं काम वाचवायला अर्ज दाबू नये. बेरीज त्यानं बरोबर केली होती, हे लिहिलं की पान १४ उघडायला त्याची हरकत राहत नाही.

‘मानसिक त्रास’ घालायचं मुलाच्या मनात आहे. त्या जागी पुनर्परीक्षेच्या मुदतीची ओळ आली आहे. उशीर झाला तर काय नुकसान होईल ते तिच्यात आहे, आणि मुदत वेळापत्रकात छापलेली आहे.

“आन आईक. तो पुनर्परीक्षेचा फॉर्म भरूनच ठेव. निकाल सुधरला तर फी गेली समज. नाई सुधरला न फॉर्मबी राहिला, तर आखीन सहा महिने गेले.”

दुपारी ३.४०

सोबतची पानं. गुणपत्रक, मुखपृष्ठ, पान १४, १५, १६, १७ आणि ‘बदल नाही’चं पत्र. पान १५ वर गुण नाहीत, तरी ते लागतं. मधलं पान गाळलं की कुणीतरी विचारतं, ते का लपवलं.

मुलगा पिवळ्या हायलायटरनं गुणांवर रंग द्यायला निघतो. ताई हात धरतात. प्रतीवर आपलं पेन लावायचंच नाही. एकदा लागलं की कुठली खूण परीक्षकाची आणि कुठली आपली, हा वाद सुरू होतो. त्या चिकट चिठ्ठीचे छोटे तुकडे कापतात, पानाच्या कडेला लावतात आणि चिठ्ठीवर लिहितात : बाब १, बाब १, बाब २.

प्रत्येक पानावर खाली ‘सोबत १’, ‘सोबत २’ असे क्रमांक आणि मुलाची सही. तीन संच. एक कुलसचिवांना, एक कॉलेजला, एक मुलाकडे. विद्यापीठाकडून आलेली मूळ छायांकित प्रत मुलाच्या फोल्डरमध्ये परत जाते. ती कुणालाच द्यायची नाही. साध्या तक्रारीला स्टँप पेपर किंवा प्रतिज्ञापत्र लागत नाही.

दुपारी ४.२०

स्कॅन करून पीडीएफ तयार होते. अर्ज आणि सातही पानं एकाच फाईलमध्ये, क्रमानं. फाईलच्या नावात बैठक क्रमांक आणि विषय. मुलाच्याच मेलवरून परीक्षा संचालकांना जाते, म्हणजे उत्तर त्याच्याकडे येईल.

बापलेक पोस्टात जातात. बाप ‘रजिस्टर’ मागतो. खिडकीवरचा माणूस सांगतो, आता स्पीड पोस्टच. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. पाकीट वजनकाट्यावर जातं. नोंदणी आणि पोच यांचे पैसे वेगळे पडतात. शंभराच्या आत काम होतं. पावतीवरचा क्रमांक मुलगा मोबाइलमध्ये उतरवतो आणि पावतीचा फोटोही काढतो. पोस्टाच्या पावतीची शाई काही महिन्यांत उडते.

कॉलेज अजून उघडं आहे. तिथला शिपाई संच घेतो आणि निघायला सांगतो. मुलगा थांबून राहतो. ताईंनी बजावलंय, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. दहा मिनिटांनी शिक्का मिळतो.

सायंकाळी ५.३०

हिशोब. टायपिंग ३०. तीन प्रिंट १५. सात पानांचे तीन संच, ४२ रुपये. आठ पानं स्कॅन, ४०. मिळून १२७. ताई १२० घेतात. चार पानं वाचणं, भिंग लावून पान १४ शोधणं, उपोषणाची ओळ काढणं, याचा दर भिंतीवर लिहिलेला नाही.

जाण्याआधी त्या मुलाला पुढच्या तारखा लिहून देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिनं तक्रार मिळाल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कुलसचिवांकडून काही आलं नाही तर हाच अर्ज, हेच संच, त्या समितीकडे. तिथलं पटलं नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील. लोकपाल साध्या पुनर्मूल्यांकनाची मागणी ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी अनियमितता दाखवली तरच ऐकतो. दुसरा प्रश्न अर्जातून का काढला, ते मुलाला आता समजतं. तो कागद घडी करून खिशात ठेवतो.

साडेसहाची गाडी आहे. बाप म्हणतो, उजाडायच्या आत वावरात जाता येईल.

सायंकाळी ६.४५

शटर खाली ओढायच्या बेतात असताना एक मुलगी येते. बीएच्या तिसऱ्या वर्षाची, हातात छायांकित प्रत. बत्तीसला तीन कमी. कुणीतरी सांगितलं, ताई अर्ज असा लिहितात की मार्क वाढतात.

ताई पिशवी परत खाली ठेवतात. भिंग काढतात. मुखपृष्ठाची बेरीज करतात. मग आतलं प्रत्येक पान उलटून समासातले गुण मुखपृष्ठाशी ताडून बघतात. प्रत्येक उत्तराला गुण आहेत. प्रत्येक प्रश्नाचा आकडा वर आला आहे. बेरीज बरोबर आहे. पानं पूर्ण आहेत. अर्धा तास जातो.

“यात तक्रार नाई माय,” ताई सांगतात. “गुण कमी वाटते न तुले?”

मुलगी मान डोलावते.

“मंग पुनर्मूल्यांकन. प्रत कधी आली?”

“परवा.”

“म्हंजे मुदत हाये. पन तुया विद्यापीठाचा नियम वाचून घे. काही ठिकाणी गुण कमीबी होतात. आपल्या सरायले उत्तर दाखव, त्यायले वाटलं वाढन तरच फी भर.”

अर्जाचा नमुना त्या संगणकावर काढून देतात. एक प्रिंट, पाच रुपये. मुलगी विचारते, सोबत एखादं पत्र जोडू का, घरची परिस्थिती सांगणारं.

“नको. ते जो कोनी तपासन, त्याच्या हाती फक्त पेपर जाते.”